आवळ्याचा तुरटपणा आणि क जीवनसत्त्व



हिवाळ्यात सातपुड्यातल्या पाड्यांवर रानआवळा टोपल्या भरभरून येतो. काही विकला जातो आणि बाकीचा चिरून, वाळवून ठेवला जातो. या वाळलेल्या फोडींना आपण आवळकाठी म्हणतो. भाजीपाला आटतो त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत गरोदर बायांना आणि लहान मुलांना या आवळकाठीची पूड देता येईल, असा विचार गावोगावच्या बचत गटांच्या बैठकांत नेहमी निघतो. त्यासाठी मदत देणारे आपल्यापैकी अनेक जण एक रास्त प्रश्न विचारतात. क जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसे होते, असे आपण शाळेत शिकलो. मग वाळवलेल्या, शिजवलेल्या आवळ्यात ते उरते तरी का?

याचे एक ठरलेले उत्तर सगळीकडे ऐकू येते. आवळा कितीही शिजवा, कितीही वाळवा, त्यातले क जीवनसत्त्व जात नाही, कारण त्यातील टॅनिन त्याला धरून ठेवते. या उत्तरात तथ्य आहे, पण ते जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. चमचाभर पुडीवर एखाद्या बाईचे दिवसाचे पोषण मोजायचे असेल, तर तथ्य किती आणि भर किती हे नीट पाहिले पाहिजे.

क जीवनसत्त्व नाहीसे होते म्हणजे काय होते

क जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. फळ चिरले की त्याला हवा लागते आणि हवेतील प्राणवायूशी या आम्लाची क्रिया सुरू होते. पहिल्या पायरीवर त्याचे जे रूप बनते ते शरीराला अजून वापरता येते. दुसऱ्या पायरीवर त्याच्या रेणूचे कडे उघडते, आणि तेथून परत येण्याची वाट नसते. जीवनसत्त्व संपले ते या दुसऱ्या पायरीवर.

ही क्रिया नुसत्या हवेत सावकाश चालते. तिला वेग देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे तांबे आणि लोखंड. भांड्यातून किंवा पाण्यातून आलेला तांब्याचा अगदी सूक्ष्म अंशही हे काम फार वेगाने करतो. दुसरी म्हणजे फळातीलच काही विकर, म्हणजे एन्झाइम. सुरीने पेशी फुटल्या की ते मोकळे होऊन कामाला लागतात. तिसरी उष्णता. ती प्रत्येक रासायनिक क्रियेला वेग देते. चौथी म्हणजे खाण्याच्या सोड्यासारखा खारा पदार्थ, कारण आंबट द्रावणात हे आम्ल टिकते आणि खाऱ्यात लवकर मोडते.

आणखी एक नुकसान असे आहे की त्यात जीवनसत्त्व मोडत नाही, फक्त जागा बदलते. क जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळते. आवळे उकडून आपण पाणी फेकले, तर पाण्याबरोबर तेही गेले.

टॅनिन कसे राखते असे मानतात

आवळा खाल्ल्यावर जीभ आखडल्यासारखी होते, तोंड कोरडे पडते. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. हाच चिकटण्याचा गुण क जीवनसत्त्वाच्या उपयोगी पडत असावा, अशी मूळ कल्पना आहे.

ती नवी नाही. 1936 मध्ये मद्रासचे दामोदरन आणि नायर या दोन संशोधकांनी आवळ्यातील टॅनिनवर एक निबंध प्रसिद्ध केला. हे टॅनिन अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे रक्षण करते, हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. आज ऐकू येणाऱ्या बहुतेक विधानांचे मूळ त्या काळातल्या कामात आहे. हे रक्षण कसे होत असेल, याच्या तीन वाटा सांगितल्या जातात.

पहिली वाट धातूंची. टॅनिनच्या रेणूवर जे गट असतात ते लोखंड आणि तांबे पकडून ठेवू शकतात. धातू असा अडकून पडला की त्याला जीवनसत्त्व जाळायला मदत करता येत नाही. लोखंड पकडले जाते, हे तर आपल्याला स्वयंपाकघरात डोळ्यांनी दिसते. लोखंडी कढईत आवळे शिजवले किंवा साध्या लोखंडी विळीवर चिरले, तर फोडी काळ्या-निळ्या पडतात. तो रंग टॅनिन आणि लोखंड एकत्र येऊन झालेला असतो. पूर्वी लिहिण्याची काळी शाई याच तत्त्वावर बनत असे.

दुसरी वाट विकरांची. विकर हेही प्रथिनच आहे. टॅनिन जसे लाळेतील प्रथिनांना चिकटते, तसे ते फळातील विकरांनाही चिकटून त्यांचे काम मंद करू शकते.

तिसरी वाट अशी की टॅनिन स्वतः प्राणवायूशी क्रिया करते, म्हणजे जीवनसत्त्वाच्या आधी स्वतः खर्ची पडते. प्रयोगनळीत हे घडताना दाखवता येते. वाळणाऱ्या फोडीच्या आत ते किती प्रमाणात घडते, हे सांगणे मात्र बरेच कठीण आहे. तिन्हींमध्ये पहिली वाट सर्वांत भक्कम आणि तिसरी सर्वांत सैल समजावी.

या तिन्हींच्या जोडीला चौथी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिचे श्रेयही पुष्कळदा टॅनिनच्या खात्यावर जमा होते. आवळा फार आंबट आहे, आणि आंबटपणा स्वतःच क जीवनसत्त्वाला टिकवतो. लिंबात टॅनिन नगण्य असते, तरी लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्व पालेभाजीतल्यापेक्षा बरेच टिकते. म्हणून आवळ्याचा रस उकळून त्यात जीवनसत्त्व उरले, एवढ्यावरून टॅनिनचा गुण सिद्ध होत नाही. तेवढाच आंबट पण टॅनिन नसलेला रस शेजारी तसाच उकळावा लागतो. दोहोंत जो फरक पडेल तेवढाच टॅनिनचा.

मोजमापातली अडचण

खरा गुंता मोजमापात आहे. क जीवनसत्त्व मोजण्याची जुनी आणि स्वस्त रीत एका रंगावर चालते. हा निळा रंग आंबट द्रावणात गुलाबी होतो आणि क जीवनसत्त्व त्याचा रंग घालवते. नमुन्यात तो थेंबाथेंबाने टाकत जायचे. गुलाबी छटा टिकू लागली की थांबायचे आणि किती रंग खपला यावरून हिशेब करायचा. लिंबासाठी ही रीत उत्तम आहे.

आवळ्यात मात्र टॅनिनही या रंगाचा रंग घालवते. जीवनसत्त्व हे काम क्षणात करते, टॅनिन सावकाश करते. तपासणाऱ्याने घाई ठेवली आणि पहिली गुलाबी छटा काही सेकंद टिकताच थांबला, तर चूक थोडी राहते. तो थांबून पाहत बसला तर गुलाबी रंग पुन्हा फिका होतो, तो आणखी थेंब टाकतो आणि टॅनिनचीही गणना क जीवनसत्त्वात होते. आयोडीनच्या साध्या चाचणीतही हाच दोष आहे. गुलाबी छटा येऊन पुन्हा पुन्हा मावळत असेल, तर ती चाचणी जीवनसत्त्वाखेरीज आणखी काहीतरी मोजते आहे असे समजावे.

आता हाच नमुना वाळवून पुन्हा तपासला तर काय होईल, याचा विचार करा. टॅनिन बरेच टिकाऊ आहे, वाळवल्यावर त्याचा मोठा भाग उरतो. चाचणी टॅनिनला जीवनसत्त्व समजत असेल, तर वाळलेल्या आवळ्यातही क जीवनसत्त्व भरपूर शिल्लक आहे असेच ती सांगणार. म्हणजे टॅनिनने जीवनसत्त्व राखले असे जे दिसते, त्यातला काही भाग टॅनिननेच मोजमापात घातलेल्या भुलीचा असू शकतो. उत्तर हवे असेल तर यंत्राने आवळ्यातले घटक आधी वेगवेगळे करून मग जीवनसत्त्व तेवढे मोजावे लागते. त्या यंत्राला प्रयोगशाळेत एचपीएलसी म्हणतात.

यंत्र आले म्हणून वाद मिटला असेही नाही. 1996 मध्ये वाराणसीच्या संशोधकांनी आवळ्यात दोन नवी टॅनिन असल्याचे सांगितले आणि त्यांना एम्ब्लिकॅनिन अ आणि ब अशी नावे दिली. आवळ्याचे गुण क जीवनसत्त्वापेक्षा या टॅनिनमुळे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही नावे आजही अनेक औषधांच्या वेष्टनांवर दिसतात. 2009 मध्ये दुसऱ्या एका गटाने हे काम पुन्हा तपासले. एम्ब्लिकॅनिन म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले ते पदार्थ त्यांना निराळेच आढळले, गॅलिक आम्लाची लहान संयुगे. 2006 मधील आणखी एका अभ्यासात मात्र आवळ्यात क जीवनसत्त्व खरोखरच चांगल्या प्रमाणात मिळाले होते. तेव्हा आवळ्यात क जीवनसत्त्व आहे आणि टॅनिनही आहे, हे धरून चालावे. त्यातले अमुक एक टॅनिन त्याला कुलूप लावून ठेवते, हे मात्र ठाम सांगता येत नाही.

आपल्या देशाच्या आहार-तक्त्यांतही हा फरक उमटला आहे. जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात हा आकडा 252 आहे. जात, पिकण्याची अवस्था आणि मोजण्याची रीत, या तिन्हींमुळे आकडे बदलतात.

एका चमच्याचा हिशेब

आता आपल्या पुडीकडे येऊ. बी काढलेला 1 किलो गर घेतला. त्यात चार भागांहून अधिक पाणी असते, म्हणून चांगला वाळल्यावर सुमारे 200 ग्रॅम उरतो. लहान चमचाभर पूड म्हणजे साधारण 3 ग्रॅम धरू.

जुना आकडा घेतला आणि काहीच गेले नाही असे मानले, तर किलोभर गरात 6000 मिलिग्रॅम होते आणि तेवढेच 200 ग्रॅम पुडीत आले. एका चमच्यात 90 मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला 65 मिलिग्रॅमची शिफारस आहे. म्हणजे एका चमच्यात दिवसाची गरज भागून वर उरते. भित्तिपत्रकांवर छापलेले असते ते हेच.

2017 चा आकडा घेतला तर किलोभर गरात 2520 मिलिग्रॅम. वाळवताना आणि साठवताना निम्मे गेले असे धरले, तर चमच्यात 19 मिलिग्रॅम उरतात. तीन चतुर्थांश गेले असतील, तर 9 च्या आसपास. उन्हात दिवसेंदिवस पडून राहिलेल्या आणि मग पावसाळाभर पोत्यात ठेवलेल्या मालाचे एवढे नुकसान झाले तर नवल नाही.

एकाच चमच्याची दोन उत्तरे, 90 आणि 9. पण 9 म्हणजे शून्य नव्हे. हिरड्यांतून रक्त येणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे, सांधे दुखणे अशी लक्षणे असलेला स्कर्व्ही रोग रोज सुमारे 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने टळतो. 1939-40 च्या दुष्काळात त्या वेळच्या पंजाबातील हिसार भागात स्कर्व्ही पसरला होता, आणि तेथे आवळ्याने रुग्ण बरे झाल्याची नोंद आहे. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चांगली वाळवलेली पूड रोज दोन चमचे घेतली तर कोरड्या महिन्यांत स्कर्व्हीपासून राखण्याइतका आधार मिळतो. पण ती ताज्या फळाची बरोबरी करत नाही. हंगामात 30 ग्रॅम गराचा एक ताजा आवळा 75 मिलिग्रॅम देतो, म्हणजे दिवसाची गरज एकट्याने भागवतो.

वाळवताना आणि शिजवताना

टॅनिन नुकसानीचा वेग कमी करते, ते थांबवत नाही, एवढे धरले की पुढची कामे आपोआप ठरतात.

पहिले काम धातू टाळण्याचे. टॅनिनची धातू पकडण्याची ताकद सूक्ष्म अंशांपुरती आहे, अख्ख्या कढईपुढे ती पुरी पडत नाही. लोखंडी कढई आणि कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. स्टीलची सुरी आणि स्टीलचे पातेले उत्तम. आपल्या आज्या पितळी पातेल्याला कल्हई असल्याशिवाय त्यात आंबट शिजवत नसत. विषबाधा टाळण्यासाठीची ती रीत जीवनसत्त्वालाही उपकारक आहे.

दुसरे काम वाफवण्याचे. आवळे पाण्यात उकळण्याऐवजी चाळणीत ठेवून, पाकळ्या सुटू लागेपर्यंतच वाफवावे. या थोड्या उष्णतेने काही जीवनसत्त्व जाते, पण विकर निकामी होतात आणि पुढचे मोठे नुकसान टळते. पाण्यात उकळायचेच असेल तर पाणी थोडे घ्यावे आणि ते वरणात किंवा सरबतात वापरावे. विरघळून जाण्यापासून टॅनिन जीवनसत्त्वाला वाचवू शकत नाही. खाण्याचा सोडा मुळीच घालू नये.

तिसरे काम लवकर वाळवण्याचे. पाकळ्या सुट्या करून एकेरी थरात, वारा खेळेल अशा सावलीत किंवा झाकलेल्या सौर वाळवणीत पसराव्या. सावलीचा आग्रह धरताना वारा विसरू नये. ढगाळ हवेत चार-सहा दिवस ओलसर राहिलेला माल उन्हात दोन दिवसांत वाळलेल्या मालापेक्षा वाईट निघू शकतो, कारण जोवर ओल आहे तोवर क्रिया चालू असते. फोड वाकवली की कट्कन तुटली पाहिजे. ती वाकत असेल तर आत पाणी आहे.

चौथे काम साठवण्याचे. फोडी अख्ख्याच हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवाव्या. पूड पंधरा दिवसांना पुरेल तेवढीच करावी, कारण पुडीला हवा अधिक लागते. फिकट तपकिरी माल चालतो. गडद तपकिरी किंवा काळा पडलेला, दमट वासाचा माल जीवनसत्त्वासाठी देऊ नये. तो तुरट लागतो म्हणून चांगला आहे असे समजू नये. चव टॅनिनची असते आणि टॅनिन जीवनसत्त्व गेल्यावरही राहते.

मोरावळ्याबद्दलही विचारणा होते. त्यात फोडी साखरेच्या पाकात बुडालेल्या असल्याने हवा कमी लागते, हे चांगले. पण शिजताना जीवनसत्त्वाचा काही भाग पाकात उतरतो. तेव्हा फोडीबरोबर पाकही खावा. पूर्वतयारीत आवळे चुन्याच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून ते पाणी ओतून दिले, तर त्याबरोबरही काही जाते.

शेवटी रक्तक्षयाचा मुद्दा. क जीवनसत्त्व अन्नातील लोह शोषायला मदत करते, म्हणून लोहाच्या गोळीबरोबर आवळ्याची पूड द्यावी असे काही ठिकाणी सुचवले जाते. वाळलेल्या पुडीबाबत येथे सावध राहावे. तिच्यात जीवनसत्त्व घटलेले असते आणि टॅनिन मात्र कायम असते, आणि लोखंडाला पकडणे हाच तर टॅनिनचा गुण. कढईत काळा रंग दिसतो तीच क्रिया पोटात लोह अडवू शकते. जेवणानंतरच्या चहाबद्दल डॉक्टर जे बजावतात त्याचे कारण हेच. तेव्हा गोळीबरोबर लिंबूपाणी द्यावे आणि आवळ्याची पूड दिवसाच्या दुसऱ्या वेळी, गोळीपासून दोन-तीन तासांच्या अंतराने द्यावी.

या हिवाळ्यात आपल्या देणगीतून वाळवणीच्या जाळ्या आणि झाकणाचे डबे घेतले गेले, तर त्यांचा उपयोग नेमका येथे आहे. माल चार दिवसांऐवजी दोन दिवसांत वाळला आणि पावसाळ्यात कोरडा राहिला, तर चमच्यातला आकडा 9 वरून 19 कडे सरकतो. 90 चे वचन मात्र आपण कोणालाही देऊ नये, आणि हंगाम असेतो प्रत्येक घरात रोज एक ताजा आवळा खाल्ला जावा, हे आधी सांगावे.